उलट्या हाताची ओळ

वायरमनच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. समोर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘होनाही’. सरांना हे ठाऊक होतं. एकदा वर्कशॉपच्या फळ्यावर कुणीतरी त्यांचं चित्र काढून खाली ‘जेवलात का? होनाही’ असं लिहिलं, तेव्हा सरांनी ते पुसलं नाही. फक्त चित्रातल्या हातात पक्कड उलटी धरली आहे, ती सुलटी करा, एवढंच सांगितलं.

नाव पडलं ते परीक्षेमुळे. पूर्वी शिकाऊ वायरमनची प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे आंधळा कारभार होता. बाहेरून परीक्षक यायचे, बोर्डकडे लांबूनच बघायचे, बटण दाबायचे, दिवा लागला की पास. चहा गरम असला तर गुण जास्त, गार असला तर कमी. सर चिडायचे. दिवा काय, बटण चुकून न्यूट्रलमध्ये घातलं तरी लागतो. फक्त बटण बंद करून बल्ब बदलायला हात घालणाऱ्या माणसाला होल्डरमध्ये फेज, म्हणजे विजेची तार, अजून जिवंत आहे हे हात घातल्यावर कळतं. “दिवा लागला म्हणजे वायरमन झाला, मग काडेपेटीलाही सर्टिफिकेट द्या,” असं ते म्हणायचे.

शेवटी वायरिंगचं ते जाडजूड नियमपुस्तक घेऊन ते बसले. पुस्तकात जिथे जिथे ‘पाहिजे’ होतं तिथे खूण केली आणि त्या प्रत्येक ‘पाहिजे’ची एकेक ओळ केली. ओळीसमोर रकाने दोनच, ‘हो’ आणि ‘नाही’. मधलं काही नाही, एक घाव दोन तुकडे. ओळीत ‘नीट’ हा शब्द यायचा नाही, कारण एकाचं नीट ते दुसऱ्याचं गबाळं. ‘स्क्रू नीट आवळला’ असं लिहायचं नाही. ‘वायर हलकेच ओढून पाहिली, सुटली नाही’ असं लिहायचं. डोळ्यांना दिसेल तेवढंच. आणि एका ओळीत एकच गोष्ट. ‘मेन स्विच बंद करून कुलूप लावलं’ ही ओळ मोडून त्यांनी दोन ओळी केल्या, कारण बंद केला आणि कुलूप विसरला तर टिक कुठे करणार? मग दोन जुन्या वायरमनना एकाच पोराचं काम वेगवेगळं बघायला लावलं. ज्या ओळीवर दोघांच्या खुणा जुळल्या नाहीत, ती ओळ सरांनी पुन्हा लिहिली. असं करत करत यादी तयार झाली. काही ओळींपुढे चांदणी होती. चांदणीची एक ओळ जरी ‘नाही’ झाली तरी माणूस नापास, मग बाकीचं काम सोन्याचं असो.

नववी ओळ चांदणीची होती, आणि ती सरांनी एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती.

तो माणूस म्हणजे त्यांचा जोडीदार. सर शिकवायला येण्याआधी दोघं एकाच ठेकेदाराकडे जोडीने काम करायचे. एक शिडीवर, एक शिडीखाली. शिडीवर बहुतेक जोडीदारच, कारण त्याला खाली उभं राहून वर बघायचा कंटाळा. सर खालून वायर पुरवायचे आणि शिव्या खायचे. इतकी वर्षं दोघं असे राहिले की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा.

जोडीदाराला एक खोड होती. लाइन बंद केली, टेस्टर लावून बघितली, की तो उजवा हात उलटा करायचा आणि बोटांच्या मागच्या बाजूने उघड्या तारेला अलगद स्पर्श करायचा. झोपलेल्या मुलाला ताप आहे का बघावं, तसा. सरळ हाताने धरलं आणि वीज असली तर मूठ आवळते आणि तार सुटत नाही. उलटा हात असला तर झटक्याने मागे येतो, हे जुन्या लोकांचं शास्त्र. सर खालून ओरडायचे, “अरे टेस्टर लावलास ना? मग हात कशाला?”

“यंत्र खोटं बोलेल रे. कातडी नाही बोलणार.”

“आणि कातडी खरं बोलली तर?”

“तर तू आहेस ना खाली झेलायला!”

सर खालून शिडी आणखी घट्ट धरायचे.

यादी लिहिताना सरांनी म्हणून ती नववी ओळ घातली. पुस्तकाचा नियम असा की टेस्टर तीनदा लावायचा. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर, म्हणजे टेस्टर जिवंत आहे हे कळतं. मग ज्या लाइनवर काम करायचं तिथे. आणि मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर. ही तिसरी वेळ लोकांना उगाचची वाटते. पण टेस्टर मधेच मेला, आतली तार सुटली, बॅटरी संपली, तर तोही गप्पच राहतो. मेलेली लाइन आणि मेलेला टेस्टर सारखेच गप्प. म्हणून तिसऱ्यांदा तपासेपर्यंत लाइन मेली असं धरायचं नाही. नववी ओळ हेच सांगायची: ‘टेस्टर पुन्हा चालू सॉकेटवर तपासून होईपर्यंत उघड्या तारेला शरीराचा कोणताही भाग लावला नाही.’

जोडीदाराने ती वाचली आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “ही माझ्यावरच लिहिलीस ना रे? बायकोने इतकं लिहिलं नाही माझ्यावर.” आणि त्याने हात उलटा करून सरांच्या मानेला लावला. “मेलाय. लाइन मेलीय याची.”

वीज त्याला कधीच लागली नाही. कावीळ लागली. पावसापाण्यात, खांबांवर, शिड्यांवर ज्याच्या अंगाला ओरखडा आला नाही, तो माणूस दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीवर पिवळा होऊन गेला. सर तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते. खाली झेलायला होते, पण झेलता आलं नाही.

त्यानंतर सरांनी नवा जोडीदार शोधला नाही. शिकवायचं काम होतंच. पण घरी साधा पंखा उतरवायचा असला तरी ते शिडी लावून खालीच घुटमळत. बायको म्हणायची, “अहो, वर कोण चढणार? मी?” मग ते चढायचे. वरून खाली बघितलं की तिथे कुणी नसायचं, आणि त्यांना इतकं एकटं वाटायचं की पंख्याचे नट हातात घेऊन ते तसेच उभे राहायचे. माणूस गेला की त्याचे कपडे राहतात, चपला राहतात, पण त्याची हालचाल राहत नाही. सरांना जोडीदाराचा चेहरा आठवायचा, आवाज आठवायचा. तो हात मात्र डोळे मिटून कितीही आठवला तरी नीट वळायचाच नाही.

जोडीदाराची मुलगी केंद्रात दाखल झाली तेव्हा तिच्या तुकडीत ती एकटीच बाई. तिला घरात ‘पक्कड’ म्हणत. तान्ही असताना कुणाचं बोट धरलं की सोडायची नाही म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी ती बापाबरोबर कामाला जायची, त्यामुळे इतरांना वर्ष लागायचं ते तिच्या हातात आधीच होतं. सर तिला वर्गात ‘बाई’ म्हणत, घरी ‘पोरी’. ती वर्गात ‘सर’ म्हणायची आणि दारातून बाहेर पडली की ‘काका’.

तिच्यासाठी परीक्षा म्हणजे नुसता कागद नव्हता. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या दुरुस्ती विभागात एक जागा रिकामी होती. तिथल्या मुख्य वायरमनने तिचं काम पाहून सांगितलं होतं, “महिनाअखेरीस सर्टिफिकेट आण, जागा तुझी.” सर्टिफिकेट नसेल तर बोर्डला हात लावू देत नाहीत, दुसऱ्याला पाना-पक्कड देत उभं राहायचं. ती आईला सांगून बसली होती की आता तुझी शिवणाची कामं बंद.

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉपमध्ये भिंतीला लाकडी बोर्ड लावलेले होते आणि प्रत्येक बोर्डशेजारी एक चालू सॉकेट. नियमाप्रमाणे दोन जण बघणार, सर आणि बाहेरून आलेले इन्स्पेक्टर. दोघांच्या हातात वेगवेगळी यादी. काम संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, कागद दाखवायचा नाही. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, आणि चांदणीच्या ओळीवर एकाचाही ‘नाही’ असला तरी नापास.

पक्कड पुढे आली. पहिलं काम, चालू लाइन सुरक्षित बंद करून त्यावर नवा सॉकेट जोडायचा. कुठली लाइन बंद करायची ते तिने वाचून दाखवलं. स्विच बंद केला. कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात घातली. ‘काम चालू आहे’ ही पाटी अडकवली. टेस्टर चालू सॉकेटवर लावला, दिवा लागला. सर एकेक ओळ ‘हो’ करत होते आणि त्यांचा ऊर भरून येत होता. असं काम बघायला बापाला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. मग तिने लाइनवर टेस्टर लावला. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. कुठेच काही नाही. तिने टेस्टरच्या दोन्ही वायरींची टोकं डाव्या हातात घेतली.

आणि उजवा हात उलटा झाला.

क्षणभरच. बोटांची मागची बाजू तारेला अलगद लागली आणि मागे आली. मनगटाचं ते वळण, करंगळी किंचित बाहेर. सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. इतकी वर्षं डोळे मिटून जे दिसत नव्हतं ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, हाताभरावर दिसलं होतं. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ म्हणतात. इथे तर ती मेल्यावरही गेली नव्हती. सरांना वाटलं ओरडावं, अरे पुन्हा कर, एकदा पुन्हा कर.

पक्कडला काहीच कळलं नव्हतं. तिने टेस्टर पुन्हा चालू सॉकेटवर लावून दाखवला, तो पेटला, आणि ती कामाला लागली. वायर सोलली, जोडली, ओढून पाहिली. मेगरने, म्हणजे तारांचं आवरण तपासायच्या यंत्राने, तपासणी केली, आकडा हवा त्याच्या कितीतरी वर. सगळं झकास. सर पुढच्या ओळी भरत गेले. नववी कोरी होती.

काम संपल्यावर ती बाहेर गेली. इन्स्पेक्टरांनी आपला कागद टेबलावर ठेवला. सगळीकडे ‘हो’.

“वा! या तुकडीत हिच्यासारखं कुणी नाही,” ते म्हणाले. “तुमचा कागद बघू. अहो, नववी राहिली तुमची.”

सरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“काय झालं? कुठे हात लागला का?”

“लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीच्या मधे. उलटा.”

“मला तर नाही दिसला. केसबिस मागे सारले असतील. आणि लाइन मेलेलीच होती की हो, टेस्टर बोलला नाही.”

“टेस्टर जिवंत आहे हे तिने नंतर दाखवलं. हात आधी लागला.”

इन्स्पेक्टर सज्जन माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. “बघा, मी पाहिलं नाही, म्हणून मी ‘हो’ केलंय. तुम्हाला खात्री नसेल तर तुम्हीही ‘हो’ करा. मुलगी गुणी आहे.”

दार उघडं होतं. फक्त एक टिक. सरांना तिची आई दिसली, दवाखान्यातली ती जागा दिसली. आणि त्याहून आत, सांगायला लाज वाटावी असंही एक होतं: ही ओळ ‘हो’ केली तर तो हात राहील. ती नोकरीला लागेल आणि रोज कुठल्या ना कुठल्या बोर्डसमोर जोडीदाराचा हात उलटा होईल. ते बघायला ते दवाखान्यात जाऊन उभेसुद्धा राहिले असते.

“खात्री आहे,” सर म्हणाले. “तो हात मी ओळखतो.” आणि त्यांनी ‘नाही’वर टिक केली.

पक्कडला सांगायचं कामही त्यांच्याकडेच आलं. ती वर्कशॉपच्या मागे हात धुवायच्या नळाशी होती.

“नववी ओळ,” सर म्हणाले.

ती हसली. तिला थट्टा वाटली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला.

“मी हात नाही लावला काका.”

“लावलास.”

“शपथ नाही लावला!”

“तुला कळलंच नाही पोरी. तेच तर वाईट आहे.” त्यांनी स्वतःचा हात उलटा करून दाखवला. त्यांना तो जमला नाही, पण तिला ओळखू आला. तिचा चेहरा एकदम उतरला.

“ते… ते तर बाबांचं आहे.”

“हो.”

“आणि त्यासाठी तुम्ही मला नापास केलं? तुम्ही?” तिचा आवाज चढला. “दुसरं कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, याला काय कळतंय. तुम्हाला तर माहिती होतं तो हात कुणाचा आहे!”

सरांनी मान खाली घातली. ती नळ तसाच वाहता सोडून निघून गेली, आणि बराच वेळ सरांना तो बंद करायचं सुचलं नाही.

दवाखान्याची जागा दुसऱ्याला मिळाली. घरी बायकोने जेवताना विचारलं, “तुमच्या त्या यादीत माणुसकीची ओळ आहे का एखादी?” सर म्हणाले, “नववी.” बायकोला ते पटलं नाही आणि तिने भात जरा जोरातच वाढला.

पुढच्या परीक्षेला अवकाश होता. पक्कड बरेच दिवस फिरकली नाही. मग एका सकाळी वर्कशॉप उघडलं तर ती दारात उभी. ‘सर’ही म्हणाली नाही, ‘काका’ही नाही. “कसा थांबवायचा सांगा,” एवढंच म्हणाली.

सरांनी विचार करून ठेवला होता. खोट हातात नव्हती, टोकांत होती. ती तपासणी झाली की दोन्ही टोकं एका हातात घ्यायची. मग दुसरा हात रिकामा व्हायचा आणि रिकामा हात बापाकडे जायचा. “दोन टोकं, दोन हात,” सर म्हणाले. “तिसरी तपासणी होईपर्यंत हात रिकामा करायचाच नाही.” मेलेल्या बोर्डवर सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी टोक हातात असतानाही मनगट वळलं. दुसऱ्या दिवशीही. सर फक्त म्हणायचे, “वळला.” ती दात ओठ खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कधी चिडून टेस्टर टेबलावर टाकायची. सर तो उचलून, चालू सॉकेटवर तपासून, पुन्हा तिच्या हातात द्यायचे.

एकदा ती मधेच थांबली. बोर्डकडे बघतच म्हणाली, “काका, बाबा जाताना मी लहान होते. त्यांचं फारसं काही नाही माझ्याकडे. हे होतं, तेही मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं तर तुम्ही काढून घेताय. हे गेलं की काय राहणार त्यांचं?”

“तू राहशील,” सर म्हणाले. “त्यासाठीच चाललंय हे. चल, पहिल्यापासून.”

पण त्या दिवसानंतर सर तिचा सराव बघताना जरा बाजूला उभे राहू लागले. मनगट वळायचं कमी होत चाललं होतं. अर्ध्यावर यायचं आणि थांबायचं. मग नुसती करंगळी हलायची. सर प्रत्येक वेळी बघायचे आणि ‘वळला’ म्हणायचे ते जरा हळू म्हणायचे. सरावाने ती शिकत होती, आणि सर मनाने रोज थोडे थोडे दवाखान्याच्या त्या बाकावर जाऊन बसत होते.

पुन्हा परीक्षा झाली. इन्स्पेक्टर दुसरेच होते, तरुण, कडक. पक्कड पुढे आली. लाइन ओळखली, बंद केली, कुलूप, किल्ली, पाटी. टेस्टर चालू सॉकेटवर. मग लाइनवर, तिन्ही जोड्या. दोन टोकं, दोन हात.

त्या क्षणी सरांना स्वतःचंच नवल वाटलं, लाजही वाटली, कारण ते तिच्यासाठी देवाची प्रार्थना करत नव्हते. ते हाताकडे बघत होते. वळ, असं त्यांच्या मनात कुणीतरी म्हणत होतं. एकदाच. मी बघतोय.

हात वळला नाही. करंगळीही हलली नाही. तिने टेस्टर सॉकेटवर पुन्हा लावला, तो पेटला, तिने तो ठेवला आणि स्वच्छ, शांत, कुणाच्याही नसलेल्या हातांनी वायर सोलायला घेतली.

सरांनी नवव्या ओळीपुढे ‘हो’वर टिक केली. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा सगळ्या ओळी जुळल्या. तरुण इन्स्पेक्टर म्हणाले, “उत्तम. पुढच्याला बोलवा.”

सरांनी परीक्षार्थींच्या यादीतला पुढचा क्रमांक पाहिला आणि हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. इन्स्पेक्टरांनी वर पाहिलं. पक्कडही दारात वळून बघत होती, आणि सर्टिफिकेट मिळालेल्या मुलीच्या चेहऱ्यावर जे हसू असतं ते तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती परत आली, सरांच्या हातातली यादी घेतली आणि त्यांच्याऐवजी तिनेच पुढचा क्रमांक पुकारला.